चौकट सारखी, चेहराही सारखा

टीमची ओळख करून देणाऱ्या स्लाइडवर सगळे फोटो एकाच मापाचे असूनही पान विस्कटलेलं दिसतं. कारण बहुतेकदा चौकटीत नसून चेहऱ्यात असतं. एकाचा पासपोर्ट फोटो चौकटभर पसरलेला, तर दुसऱ्याचा सहलीतला फोटो कमरेपर्यंतचा. मग पहिला साहेब वाटतो आणि दुसरा शिकाऊ, हुद्दे काहीही असोत.

समजा, सहा जण आहेत. पॉवरपॉइंटच्या रुंद स्लाइडवर प्रत्येकी ४ सेंटिमीटरचा चौरस सहज बसतो. फोटो निवडून Crop मधल्या Aspect Ratio खाली 1:1 घ्यावं. मग चौकट तशीच ठेवून आतला फोटो कोपऱ्याला धरून लहानमोठा करावा. बाजूने ओढला तर चेहरा चपटा होतो. केसांपासून हनुवटीपर्यंतचा भाग चौकटीच्या साधारण निम्म्या उंचीचा ठेवावा. स्लाइडवर एक आडवी मार्गदर्शक रेघ आखून सगळ्यांचे डोळे तिच्यावर आणावेत. माझ्या मते ही रेघच सर्वांत महत्त्वाची. फोटोंमधलं अंतर Distribute Horizontally समान करतं.

समूहफोटोतून कापलेला चेहरा मात्र तपासावा. फुल एचडी पडद्यावर हा चौरस सुमारे २२७ पिक्सेलचा होतो. कापलेला तुकडा त्याहून लहान असेल तर धूसर दिसतो. अशा वेळी नवा फोटो मागावा.

नाव आणि हुद्दा वेगळ्या चौकटींत, वरून जुळवून लिहावेत. नावाला दोन ओळींची जागा ठेवली की लांब आडनावामुळे शेजारचा हुद्दा खाली-वर होत नाही.