ई-मेलच्या गटातून नावे का गळतात

गट म्हणजे काय

एकाच मजकुराचा ई-मेल वारंवार त्याच माणसांना पाठवायचा असला, की संगणकावरील आउटलुकसारख्या टपाल-प्रणालीत त्यांचा एक गट करून ठेवतात. २००७पर्यंतच्या आवृत्त्यांत या गटाला Distribution List म्हणत, २०१०पासून Contact Group म्हणतात. गटाचे नाव 'प्रति'च्या रकान्यात टाकले, की ई-मेल सर्व सदस्यांना जातो. हा गट वापरकर्त्याच्या स्वतःच्या संपर्कांत राहतो. संस्थेच्या सर्व्हरवर प्रशासकाने तयार केलेली वितरण-यादी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे दोषही वेगळे असतात. येथे विचार पहिल्या प्रकाराचा आहे, कारण नावे गळण्याच्या आणि भलत्याला ई-मेल जाण्याच्या तक्रारी बहुतांशी त्याच्याच असतात.

एका सदस्याच्या दोन नोंदी

गट उघडला की नावांची साधी यादी दिसते. आत मात्र प्रत्येक सदस्यासाठी दोन नोंदी असतात. पहिली नोंद म्हणजे प्रत: सदस्य जोडला त्या दिवशीचे त्याचे नाव आणि पत्ता. दुसरी नोंद म्हणजे दुवा: संपर्कांतील त्याचे कार्ड कोणत्या डेटा फाइलमध्ये, कोणत्या क्रमांकावर आहे याची खूण. कार्डावर एकाहून अधिक पत्ते असतील तर त्यांतला कितवा पत्ता घ्यायचा, हेही दुव्यात नोंदलेले असते.

कार्डावर पत्ता बदलला तरी गटातील प्रत आपोआप बदलत नाही. गट उघडून Update Now हे बटण दाबले, की प्रणाली एकेका दुव्यावरून कार्डापर्यंत जाते आणि तेथे आज जे लिहिलेले आहे ते प्रतीत उतरवते. म्हणजे प्रत शिळी होऊ शकते आणि दुवा भरकटू शकतो. पुढचे बहुतेक दोष या दोहोंपैकी एकाचे आहेत.

बदल्यांनंतरचा गट

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके आहेत. समजा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयातून गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या पाणीपातळीची सूचना नऊही तालुक्यांतील अधिकाऱ्यांना ई-मेलने जाते. गटात नऊ सदस्य आहेत. महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५च्या बदली अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात होतात आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो. त्यामुळे गटातील दुरुस्त्याही नेमक्या या दोन महिन्यांच्या फटीत, घाईने केल्या जातात.

मे महिन्यात पालमचे अधिकारी पूर्णा येथे बदलून गेले, पूर्णेचे अधिकारी जिल्ह्याबाहेर गेले आणि पालमला नवे अधिकारी आले. कार्डे व्यक्तींच्या नावांची होती, पण त्यांवरील पत्ते पदाचे होते. पदाचा पत्ता माणूस बदलला तरी तोच राहतो. लिपिकाने पालमच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या कार्डावर पूर्णेचा पत्ता लिहिला, पूर्णेच्या जुन्या अधिकाऱ्यांचे कार्ड पुसले आणि नव्या अधिकाऱ्यांसाठी वेगळे कार्ड केले. संपर्कांच्या दृष्टीने या तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत.

गटाला अजून हात लावलेला नाही. त्यातील प्रती जुन्या असल्या तरी पत्ते पदांचे असल्यामुळे ई-मेल पालमलाही पोहोचतो आणि पूर्णेलाही. जुनी आहेत ती फक्त नावे. ती खटकतात म्हणून कोणीतरी Update Now दाबतो. पहिला दुवा बदललेल्या कार्डापर्यंत जातो आणि पालमच्या जागी पूर्णेचा पत्ता उतरवतो. दुसरा दुवा ज्या कार्डाकडे जायचा ते कार्डच उरलेले नाही, म्हणून तो सदस्य यादीतून निघतो. नव्या अधिकाऱ्यांचे कार्ड गटात कोणी जोडलेलेच नाही. आता गटात आठ सदस्य आहेत. पूर्णेला ई-मेल जातो, पालमला जात नाही. चालू असलेला गट बिघडला तो दुरुस्तीच्या बटणामुळे.

हेच पत्ते व्यक्तींचे खासगी असते तर दोष आधीच दिसला असता. गटाला हात न लावताही पालमची सूचना पूर्णेला गेलेल्या अधिकाऱ्यांना आणि पूर्णेची सूचना जिल्ह्याबाहेर गेलेल्यांना मिळत राहिली असती.

दोन्ही प्रकारांचे मूळ एकच: कार्ड माणसाचे की पदाचे, हे ठरलेले नव्हते. गट पदांचा असेल तर कार्डाचे नाव 'पालम तालुका, पूर सूचना' असे असावे, त्यावर फक्त पदाचा पत्ता असावा आणि सध्याच्या अधिकाऱ्याचे नाव टिपणाच्या जागेत लिहावे. मग बदली झाली की फक्त टीप बदलते. पत्ता आणि दुवा जागेवरच राहतात.

दोन पत्त्यांची अदलाबदल

एका कार्डावर कार्यालयाचा पत्ता पहिल्या जागी आणि खासगी पत्ता दुसऱ्या जागी आहे. गटाचा दुवा 'पहिली जागा' एवढेच जाणतो. कोणी सोयीसाठी दोन्ही पत्ते आपसांत बदलले, तर पुढच्या Update Now नंतर कार्यालयीन ई-मेल खासगी पत्त्यावर जाऊ लागतात. यादीत नाव तेच दिसते, सदस्यांची संख्याही तीच असते. हा दोष मोजून सापडत नाही, त्यासाठी पत्ते वाचावे लागतात.

डेटा फाइलची प्रत

संगणक बदलताना संपर्कांची .pst फाइल नव्या यंत्रावर उतरवली जाते. अशा प्रत्येक फाइलला स्वतःची ओळख-संख्या असते आणि तीतील प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. दुवा या दोहोंचा मिळून बनतो. कार्डे एका फाइलमधून दुसरीत आयात केली तर तेथे त्यांना नवे क्रमांक मिळतात. गटही आयात होतो, पण त्याचे दुवे जुन्या फाइलकडेच बोट दाखवतात. जुनी फाइल बंद असली तर कार्डे सापडत नाहीत, आणि Update Now दाबल्यावर एकदम अनेक सदस्य गळतात. एकाच वेळी पुष्कळ नावे गेली असतील तर संशय आधी येथे घ्यावा.

दुसरा प्रकार विरळ आहे, पण अधिक फसवा. फाइलची जशीच्या तशी नक्कल करून ती दोन संगणकांवर चालवली, तर दोन्हींची ओळख-संख्या एकच राहते. नवीन नोंदींचे क्रमांकही दोन्हीकडे त्याच ठिकाणाहून पुढे चालू होतात. परिणामी एका यंत्रावर जो क्रमांक मानवतच्या नव्या कार्डाला मिळाला, तोच दुसऱ्या यंत्रावर सोनपेठच्या कार्डाला मिळू शकतो. मग एका यंत्रावरचा गट दुसऱ्यावर नेला की दुवा तुटत नाही, तो भलत्याच कार्डाशी जुळतो. 'मी हे नाव कधी घातलेच नव्हते' या तक्रारीमागे हे एक कारण असू शकते.

गट निर्दोष असताना

भलत्याला ई-मेल जाण्याचे खापर काही वेळा गटावर उगीच फुटते. 'प्रति'मध्ये दोनतीन अक्षरे टाकताच प्रणाली पूर्वी वापरलेली नावे सुचवते. या सूचना संपर्कांतून नव्हे, तर वेगळ्या साठ्यातून येतात. त्यामुळे गट पुसून त्याच नावाने नवा केला, तरी सूचनेत जुनाच गट दिसत राहतो. तेथे नावापुढील फुलीवर क्लिक करून ती सूचना काढता येते.

दुसरे कारण Reply All. वैयक्तिक गट पाठवताना फुटून सुट्या पत्त्यांत बदलतो. मिळालेल्या ई-मेलमध्ये गटाचे नाव उरत नाही, सर्वांचे पत्ते मात्र उरतात. गटातून एखाद्याला आज काढले तरी गेल्या महिन्याच्या ई-मेलवर सर्वांना उत्तर देणारा त्याला उत्तर पाठवणारच. मूळ प्रेषकाकडे याचा काही उपाय नाही, फक्त नवा विषय नव्या ई-मेलमधून सुरू करणे त्याच्या हाती असते.

ओळख आणि दुरुस्ती

महत्त्वाचा ई-मेल पाठवण्यापूर्वी 'प्रति'मधील गटाच्या नावाशेजारील अधिक चिन्ह दाबले, की गट सुट्या नावांत उघडतो. त्या ई-मेलपुरता तो पुन्हा मिटत नाही, पण प्रत्यक्ष कोणाला जाणार हे दिसते. नऊ तालुक्यांना नऊ नावे हवीत. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरी, वसमत हे तालुके त्यात गेले. परभणीच्या यादीत कळमनुरी किंवा वसमत दिसले, तर ते नाव का आहे हे विचारायला हवे. असे प्रश्न माणसानेच विचारायचे असतात, गटाला भूगोल कळत नाही.

बिघडलेला गट एकेक नाव जोडून डागडुजी करण्यापेक्षा नव्याने करणे बरे. आधी कार्डे तपासावीत, मग जुना गट पुसून, चालू फाइलमधील कार्डे निवडून नवा करावा. म्हणजे प्रत आणि दुवा दोन्ही एकाच दिवसाचे होतात. त्यानंतर गट उघडून File मधील Save As वापरून तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जतन करावा. त्यात सदस्यांची नावे आणि पत्ते वाचता येतात, आणि पुढे शंका आली तर ताडून पाहायला आधार मिळतो. संपर्क .csv स्वरूपात निर्यात केल्यास कार्डे येतात, गटांचे सदस्य येत नाहीत. राखीव प्रत म्हणून केवळ त्या फाइलवर विसंबून राहिलेल्यांना हे फार उशिरा कळते.

मर्यादा

गटाच्या मूळ रचनेत प्रतींसाठी आणि दुव्यांसाठी प्रत्येकी सुमारे १५,००० बाइटांची जागा असते. नावे आणि पत्ते मध्यम लांबीचे धरले तर त्यात साधारण शंभर सदस्य मावतात. नंतरच्या आवृत्त्यांत मोठ्या गटांसाठी वेगळी साठवण आली, पण तो गट जुन्या आवृत्तीत उघडला तर अडचण येऊ शकते. वैयक्तिक गट एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंकने मोबाइलवरही जात नाही. नऊ तालुक्यांसाठी तो पुरेसा आहे. जिल्ह्यातील गावागावांपर्यंत पोहोचणारी किंवा अनेकांनी मिळून सांभाळायची यादी मात्र सर्व्हरवरच करावी लागते. तेथे सदस्यांची नोंद एकाच ठिकाणी असते आणि ती बदलण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींनाच देता येतो.