रांगोळीचा व्हिडिओ आणि साठ रुपयांची पुस्तिका

ताईंनो, गेल्या दोन महिन्यांत कोल्हार परिसरातल्या तीन-चार गटांच्या बैठकीत एकच विषय निघाला: "मोबाईलवर रांगोळीचं चॅनल काढायचंय, अंतर्गत कर्ज मिळेल का?" कर्ज कशासाठी, तर नवा फोन आणि गोल लाईट. आधी चॅनलमधून पैसा कुठून येतो ते पाहू या, म्हणजे कर्जाचं उत्तर आपोआप मिळेल.

बऱ्याच जणींना वाटतं की व्हिडिओ टाकले की यूट्यूब पैसे देतं. जाहिरातीच्या पैशासाठी चॅनलला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलेला वेळ लागतो. (छोट्या शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे.) एक जण सरासरी दोन मिनिटं व्हिडिओ बघत असेल, तर 4000 तास भरायला 1 लाख 20 हजार वेळा व्हिडिओ पाहिला जावा लागतो. त्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवू नका. पुस्तिका मात्र पहिल्या महिन्यापासून विकता येते, आणि तिचं गिऱ्हाईक व्हिडिओच आणून देतो.

ते कसं, हे एका रांगोळीवरून बघू. "7 ते 4" ठिपक्यांचं कमळ घ्या. मधल्या ओळीत 7 ठिपके. वरच्या ओळीत 6, पण ते खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मग 5, मग 4. खालच्या बाजूलाही तसंच. एकूण 7 ओळी, 37 ठिपके. दोन ठिपक्यांत 2 इंच अंतर ठेवलं तर रांगोळी एक फूट रुंद होते. दोन ओळींतलं अंतर मात्र 2 इंच नाही, पावणेदोन इंच ठेवायचं. इथेच बहुतेकींचं कमळ लांबुडकं होतं. व्हिडिओत हात भराभर चालतो, त्यामुळे हे अंतर आणि ठिपक्यांची संख्या बघणारीच्या लक्षात राहत नाही. सणाच्या सकाळी ती एका हातात फोन आणि एका हातात रांगोळी घेऊन बसत नाही. तिला ठिपके छापलेला कागद हवा असतो. तीच आपली पुस्तिका.

आता व्हिडिओ. यात चेहरा दाखवावा लागत नाही, फक्त मनगटापासून पुढचा हात. ज्यांच्या घरी "नेटवर तोंड दाखवायचं नाही" असं म्हणतात, त्या सुनांनाही हे जमतं. (बांगड्या मोजक्याच घाला. आवाज छान वाटतो, पण डझनभर असल्या की बोलणं ऐकू येत नाही.)

फोन बरोबर वरून, जमिनीला समांतर हवा. दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी टाका, फोन फळीला रबराने घट्ट बांधा आणि कॅमेरा फळीच्या कडेबाहेर काढा. जमिनीपासून साधारण अडीच फूट उंची ठेवली की फूट-दीड फुटाची रांगोळी हातासकट मावते. कॅमेऱ्यात 1x ठेवा. जास्त मावावं म्हणून 0.5x घेतलं तर कडेच्या ठिपक्यांच्या ओळी वाकड्या दिसतात आणि बघणारीला वाटतं, हिचेच ठिपके चुकलेत. फोन सरळ आहे का हे तपासायला खाली वहीचा कागद ठेवा. पडद्यावर कागदाची एक बाजू मोठी, एक लहान दिसली तर फोन कललेला आहे. मोठी "15 ते 8" ची रांगोळी 2 इंच अंतराने काढली तर तिच्यासाठी फोन चार फुटांवर न्यावा लागतो, मग बोटं बारीक दिसतात. म्हणून सुरुवात लहान रांगोळ्यांपासून करा.

खालची जागा फार महत्त्वाची. चकचकीत टाईल्सवर लाईटचं प्रतिबिंब पडतं. गोल लाईट घेतला तर कमळाशेजारी एक पांढरं कडं चमकत राहतं. त्यापेक्षा प्लायवूडचा तुकडा गेरूने सारवून घ्या. गेरू चमकत नाही आणि त्यावर पांढरी रांगोळी उठून दिसते.

उजेड कसा हवा? डोक्यावरचा एकच बल्ब नको. त्याने फोनची आणि हाताची सावली नेमकी रांगोळीवर पडते. उजव्या हाताने काढत असाल तर मुख्य उजेड डाव्या बाजूने, थोडा वरून घ्या, म्हणजे सावली हाताच्या मागे जाते. दाराचा उजेड सगळ्यात चांगला आणि फुकट, पण ऊन थेट आत यायला नको आणि ढग येत-जात असतील तर व्हिडिओ मध्येच अंधारतो. तसं होत असेल तर दार लावून दोन बाजूंना दोन सारखे एलईडी बल्ब लावा.

आता बल्बची गंमत. आपल्या विजेमुळे स्वस्त बल्ब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. पडद्यावर काळसर पट्टे वर-खाली सरकताना दिसले, तर तोच दोष आहे. दुसरा बल्ब लावून बघा. फोनमध्ये व्हिडिओसाठी "प्रो" सोय असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा.

शेवटचं, पडद्यावर गेरूच्या पाटावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये कुलपाचं चिन्ह येतं, म्हणजे उजेड आणि फोकस बांधला गेला. हे केलं नाही तर हात आत-बाहेर झाला की चित्र उजळतं-काळवंडतं. शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा, नाहीतर पांढरी रांगोळी नुसता पांढरा डाग दिसते.

पुस्तिकेकडे येऊ. ए-फोरचे 4 कागद मधोमध दुमडले की 16 पानं होतात. पहिलं आणि शेवटचं मुखपृष्ठाचं. पान 2-3 वर सूचना. उरलेल्या 12 पानांत समोरासमोर 6 रांगोळ्या: डाव्या पानावर नुसते ठिपके आणि "7 ते 4" असं ठळक, उजव्या पानावर पूर्ण रांगोळी, कोणती रेघ आधी याच्या आकड्यांसह. झेरॉक्सची एक बाजू 2 रुपये आणि रंगीत मुखपृष्ठाचा जाड कागद 12 रुपये धरला, तर आतल्या तीन कागदांचे 12, मुखपृष्ठाचे 12, पिनांचा 1, असे 25 रुपये होतात. तुमच्याकडचा दर विचारून आकडे बदला. चाळीस प्रतींना 1000 रुपये लागतात. 60 ला एक विकली तर 17 प्रतींत छपाई निघते. टपाल खर्च गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्या. एक प्रत पाकिटात घालून पोस्टात वजन करून आणा, मगच दर जाहीर करा.

म्हणजे कर्ज मागायचंच तर हजार-बाराशेचं, छपाईसाठी. फोन घरातला चालतो.

पुस्तिकेत स्वस्तिक, शंख, गोपद्म ही सगळ्यांची चिन्हं घ्यायला हरकत नाही, पण बाजारातल्या पुस्तकातलं पान झेरॉक्स करून छापू नका. ते चित्र दुसऱ्याचं आहे. पीडीएफ विकायचा विचार असेल तर लक्षात घ्या, एकीने घेतली की व्हॉट्सॲपवर दहा जणींना फुकट जाते. कागदी पुस्तिका आधी.

पैसे यूपीआयवर घेताना गिऱ्हाईकाने पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच पाकीट टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी "पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणालं तर फोन ठेवून द्या.

आणि वेळ सांभाळा. दिवाळीची पुस्तिका घटस्थापनेपर्यंत छापून तयार हवी, कारण टपालाला दिवस लागतात. चैत्रांगणाची पुस्तिका करायची असेल, तर चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत बायका ते काढतात. म्हणजे तिचे व्हिडिओ होळीच्या आतच काढून ठेवा.