दाढ निर्दोष असते तेव्हा

दाढ दुखणारा माणूस गालावर तळहात दाबून धरतो. त्या दाबाने आणि उबेने त्याला थोडं बरं वाटतं. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा रुग्ण हात गालापासून चार बोटं लांब ठेवतो आणि हवेतच बोट करून ‘इथून सुरू होते’ असं दाखवतो. त्वचेला नुसता स्पर्श झाला तरी कळ येईल, याची त्याला धास्ती असते. अनुभवी डॉक्टर रुग्ण बोलायला लागण्याआधीच एवढं टिपून ठेवतात.

समजा, ५८ वर्षांच्या एक बाई आहेत. सकाळी दात घासताना ब्रश उजवीकडच्या वरच्या हिरडीला लागतो आणि नाकपुडीच्या कडेपासून गालापर्यंत विजेचा झटका बसावा तशी सणक जाते. काही सेकंदांत ती थांबते, मागे काही उरत नाही. मग नाश्त्याचा पहिला घास चावताना तेच. तोंडावर पाणी मारलं, कुंकू लावताना हात लागला, पंख्याचा वारा आला, फोनवर दोन वाक्यं बोललं, तरी तेच. आठवड्याभरात बाई डाव्या बाजूने चावू लागतात, मग पेज आणि वरणभातावर येतात.

त्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातात, आणि ते बरोबरच आहे. तोंडाच्या दुखण्यात दातच दोषी असण्याची शक्यता सर्वात जास्त असते. एक्स-रेत फारसं काही दिसत नाही, पण बाई ठामपणे वरच्या एका दाढेकडे बोट दाखवतात. डॉक्टर तिथे भूल देऊन बघतात. कळ थांबते! म्हणजे दाढच, असं ठरतं आणि रूट कॅनाल होतं.

पहिली फसगत इथे होते. दाढेची संवेदना मेंदूकडे नेणारी नस आणि गालाची, वरच्या ओठाची संवेदना नेणारी नस एकाच ट्रायजेमिनल नसेच्या मधल्या फांदीतल्या. या नसेच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. हा आजार बहुतेकदा खालच्या दोन फांद्यांत, म्हणजे नेमका दातांच्या मुलखात असतो. ज्या जागेला हात लागला की कळ सुटते, ती जागा भुलेने बधिर झाली की कळ सुटतच नाही. दाढ अगदी धडधाकट असली तरीही. त्यामुळे ‘भूल दिली, दुखायचं थांबलं’ एवढ्यावरून दाढेवर गुन्हा सिद्ध होत नाही.

दुसरी फसगत त्याहून पक्की. रूट कॅनालनंतर बाईंना दोन महिने काहीच होत नाही. हा आजार, विशेषतः सुरुवातीला, आपणहून विश्रांती घेतो. आठवडे, कधी महिनेही कळ येत नाही. त्या सुटीचं श्रेय उपचाराला मिळतं. मग कळ परतते तेव्हा बाईंना वाटतं, आता शेजारची दाढ बिघडली. ती काढली जाते. पुन्हा थोडी शांतता, पुन्हा कळ. अशा रीतीने दोन-तीन चांगले दात गमावून मेंदू-नसांच्या डॉक्टरांपर्यंत पोचणारे रुग्ण जगभर सापडतात.

मधे कुणीतरी सायनसचा संशय घेतं. गालाच्या हाडातला सायनस सुजला की वरच्या दाढाही दुखतात, म्हणून शंका रास्त असते. पण ते दुखणं वेगळ्या स्वभावाचं. सर्दीनंतर येतं, नाक चोंदलेलं असतं, घट्ट शेंबूड येतो. गाल जड होतो, खाली वाकलं की ठणका वाढतो, आणि तो तासन् तास, दिवसेंदिवस राहतो. एकाच वेळी वरच्या दोन-तीन दाढा दुखऱ्या लागतात. सेकंदात येऊन सेकंदात नाहीशी होणारी कळ सायनसची नसते.

दाताचं दुखणंही असंच ओळखता येतं. आतली नस सुजली असेल तर थंड पाणी लागल्यावर सुरू झालेली कळ पाणी गिळल्यावरही रेंगाळते, ठणकते, रात्री आडवं झाल्यावर जागं करते. न्यूराल्जिया झोपेतून सहसा उठवत नाही. सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती तडकलेली दाढ, कारण तिचीही कळ तीव्र आणि क्षणिक असते. मात्र ती कडक वस्तू चावताना, विशेषतः दाब सोडताना, त्या एकाच दाढेत येते. गालावरून रुमाल फिरवल्याने किंवा बोलण्याने येत नाही. न्यूराल्जियात जोरात दाबल्याने एक वेळ काही होत नाही, हलक्या स्पर्शाने होतं. कळ क्षणार्धापासून फार तर २ मिनिटांपर्यंत टिकते, चेहऱ्याच्या एकाच बाजूला राहते, आणि एका जोरदार झटक्यानंतर थोडा वेळ स्पर्श केला तरी काही होत नाही.

हे घडतं कशामुळे? बहुतेकदा मेंदूच्या तळाशी, नस जिथे मेंदूच्या देठात शिरते तिथे, एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. प्रत्येक ठोक्यासरशी ती नसेवर आपटत राहते. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने तंतूंवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लास्टिक खरवडलं जावं तसं. मग स्पर्शाचा संदेश नेणाऱ्या तंतूतला प्रवाह शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून साधा स्पर्श विजेसारखा लागतो. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो.

निदान होतं ते मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी: नसेजवळची गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, गाल बधिर झाला असेल किंवा त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर हा संशय वाढतो. एमआरआयमध्ये नसेला टेकलेली रक्तवाहिनी दिसली, एवढ्यावर मात्र निदान होत नाही. काहीही न दुखणाऱ्या माणसांतही ती दिसते.

आपल्या बाईंना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी काहीच फरक पडला नव्हता, हाही एक पुरावाच. त्यांना कार्बामाझेपिन सुरू होतं. हे मुळात फिट्सचं औषध, नसांचं अवाजवी ‘फायरिंग’ आवरणारं. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवतात. बहुतेकांना काही दिवसांतच फरक कळतो, आणि हा प्रतिसाद निदानालाही बळ देतो. मात्र गुंगी, चक्कर, तोल जाणं हे त्रास होतात, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. अंगावर पुरळ आली तर लगेच डॉक्टरांना गाठावं. आशियाई वंशाच्या काही लोकांत असलेल्या एका जनुकामुळे या औषधाची त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून काही डॉक्टर आधी त्याची रक्तचाचणी सांगतात.

औषध पुरेनासं झालं किंवा सोसेनासं झालं, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. कानामागून कवटीत छोटी खिडकी करून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. मोठ्या पाहणीत या शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही सुमारे ७० टक्के रुग्ण वेदनामुक्त राहिलेले आढळले. ज्यांची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया पेलणार नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नसेला उष्णतेने किंवा फुग्याने दाबून मंद करतात, किंवा गॅमा नाइफचे किरण देतात. त्याची किंमत म्हणजे चेहऱ्यावर कमी-अधिक बधिरपणा, आणि काही वर्षांनी कळ परतण्याची शक्यता.

तेव्हा दाढ काढायला खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात: एक झटका किती सेकंद टिकतो, तो कशाने सुटतो, आणि दोन झटक्यांच्या मधे काही दुखतं की नाही. आणि एक विचारावं: या दाढेत कीड, तडा किंवा मुळाशी पू प्रत्यक्ष दिसतो आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर दाढ तूर्त राहू द्यावी. नस दाढेखाली नाही, कानाच्या मागे खोलवर दुखावलेली असू शकते, आणि उपटलेली दाढ काही परत बसवता येत नाही.