पेपर अवघड गेल्यावर पुस्तक पुन्हा कोण उघडतं?

चूक मनाला लावून घेतली तरच माणूस सुधारतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. स्वतःला फार सांभाळून घेतलं तर आळस अंगात भिनेल, ही त्यामागची भीती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी ही समजूत प्रयोगातून तपासली. त्यांचं संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं.

त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली गेली. परीक्षेनंतर त्यांचे तीन गट झाले. पहिल्या गटाला सांगितलं, की अशी परीक्षा बहुतेकांना जड जाते, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका. दुसऱ्याला सांगितलं, की बर्कलीत प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच आहात. तिसऱ्या गटाला असं काहीच सांगितलं नाही. मग सगळ्यांच्या हाती शब्द आणि त्यांचे अर्थ दिले: हवा तेवढा वेळ अभ्यास करा, पुन्हा परीक्षा आहे. कोण किती वेळ अभ्यास करतं, हीच खरी मोजणी होती.

सर्वांत जास्त वेळ पहिला गट बसला.

हुशारीची शाबासकी मिळालेले मागे पडले, हे विशेष. शाबासकी माणसाच्या किमतीबद्दल बोलते, त्यामुळे पुढचं अपयश त्या किमतीलाच धक्का देतं. ‘हे अनेकांच्या बाबतीत होतं’ या वाक्यात माणसाचा निवाडाच होत नाही. परीक्षा अवघड गेली, एवढंच उरतं आणि त्यावर काम करता येतं.

टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली अशा आत्मकरुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात याचं भान आणि दुःख न दडपता, न फुगवता पाहणं.

पण माया म्हणजे पांघरूण घालणं नव्हे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांची पाहणी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली. अपराधी मनाला पुस्तक दिसलं, की जुनी चूक आठवते आणि ते पुस्तकच टाळावंसं वाटतं. माफीनं ही बोच कमी होते.

मात्र माफीला आधी कबुली लागते. ‘पेपरच वाईट काढला होता’ असं म्हणणाऱ्यानं स्वतःला माफ केलेलं नसतं, दोष दुसरीकडे ढकललेला असतो. ‘मी शेवटच्या आठवड्यापर्यंत पुस्तक उघडलं नाही, असं अनेकांचं होतं, या वेळी आजच पहिला धडा घेतो’ यात चूकही आहे, मायाही आहे आणि पुढचं कामही.