शून्याजवळचा भागाकार

अकरावीच्या गणितात (aˣ − bˣ)/x ही राशी भेटते आणि x शून्याकडे जाताना तिची सीमा विचारली जाते. x च्या जागी थेट शून्य ठेवलं तर वर 1 − 1, खाली 0. उत्तर काहीच कळत नाही.

म्हणून a = 3, b = 2 घेऊन शून्याच्या जवळ जाऊन पाहू. x = 0.1 ला भागाकार 0.4435 येतो, 0.01 ला 0.4091, 0.001 ला 0.4058. आकडे कुठेतरी स्थिरावताहेत हे दिसतंच.

कुठे, ते शोधायला अंशात 1 वजा करून परत मिळवायचा: (3ˣ − 1)/x − (2ˣ − 1)/x. मला ही पायरी फार आवडते, कारण तिच्यामुळे दोन्ही तुकडे सुटे हाताळता येतात. पहिला तुकडा म्हणजे 3ˣ च्या आलेखाचा शून्यापाशी असलेला चढ. तो 3 च्या नैसर्गिक लॉगरिदमइतका, 1.0986 असतो. दुसरा 0.6931. वजाबाकी 0.4055, म्हणजेच ln(3/2). सर्वसाधारण उत्तर ln(a/b). A आणि b मात्र धन हवेत.

1 न घेता 3ˣ/x आणि 2ˣ/x असे तुकडे केले, तर दोन्ही अमर्याद फुगतात आणि वाट तिथेच बंद होते. दुसरी चूक कॅल्क्युलेटरवरची: ln ऐवजी log चं बटण दाबलं की पाया 10 धरला जातो आणि 0.1761 मिळतं. वरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं की चूक लगेच उघडी पडते.