दिवा लागला, पण मार्क किती?

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधलं एक ओळखीचं जॉब घेऊ: जिन्याची वायरिंग. दोन टू-वे स्विच, एक दिवा. खालून लावला तर वरून बंद करता आला पाहिजे. एका मुलाने बोर्ड पूर्ण केला, दिवा दोन्हीकडून लागतो आणि बंद होतो. पहिले परीक्षक त्याला पास करतात. दुसरे नापास करतात, कारण त्याने स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेत. बोर्ड तोच, मुलगा तोच, निकाल दोन. प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनावर काम करायचं असेल तर प्रश्न इथेच सुरू होतो.

दोघांच्या हातात चेकलिस्ट होती. तिच्यात एक ओळ होती: ‘वायरिंग बरोबर केली – होय/नाही’. पहिल्यांनी ‘बरोबर’चा अर्थ घेतला ‘चालते’, दुसऱ्यांनी घेतला ‘सुरक्षित आहे’. म्हणजे दोष परीक्षकांचा नाही, त्या ओळीचा आहे. चेकलिस्टच्या ओळीत डोळ्यांनी दिसेल किंवा उपकरणाने तपासता येईल अशी एकच गोष्ट असावी. ही ओळ फोडली की दोन होतात: ‘दिवा दोन्ही स्विचवरून चालू-बंद होतो’ आणि ‘दिवा बंद असताना, बल्ब काढून, टेस्ट लॅम्पची एक तार अर्थिंगला व दुसरी होल्डरच्या प्रत्येक टोकाला लावली तर तो पेटत नाही’. आता वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

पण ओळ खरंच सुधारली हे दाखवायचं कसं? दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तीच २० कामं तपासायची. समजा, जुन्या ओळीवर दोघांनी मिळून १६ जणांना ‘होय’ दिलं आणि एकाला ‘नाही’. दोघांना फक्त पहिल्यांनी ‘होय’ दिलं, एकाला फक्त दुसऱ्यांनी. २० पैकी १७ वेळा एकमत, म्हणजे ८५ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण पहिले परीक्षक ९० टक्के मुलांना ‘होय’ देतात, दुसरे ८५ टक्के. अशा दोघांनी काम न बघता नुसते शिक्के मारले असते तरी बरंच एकमत झालं असतं. किती? दोघांचं ‘होय’ जुळण्याची शक्यता ०.९० × ०.८५ = ०.७६५, दोघांचं ‘नाही’ जुळण्याची ०.१० × ०.१५ = ०.०१५. बेरीज ०.७८.

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा योगायोग वजा करतो:

(०.८५ − ०.७८) ÷ (१ − ०.७८) = ०.३२

१ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे योगायोगाइतकंच. ८५ टक्क्यांमागे खरं एकमत एवढं बेताचं होतं. मात्र एक सावधगिरी: जवळजवळ सगळेच पास होत असतील तर परीक्षक चांगले असूनही कॅपा खाली येतो. म्हणून प्रबंधात नुसता कॅपा देऊ नका, १६-१-२-१ हे आकडेही द्या. आणि ज्या तीन मुलांवर मतभेद झाला त्यांचे बोर्ड पुन्हा बघा. ओळ कुठे संदिग्ध आहे ते तिथेच कळतं.

चेकलिस्टला एक गोष्ट दिसत नाही: मुलाला कळलंय की त्याने आकृती पाठ केलीय? त्यासाठी तोंडी परीक्षा. पण एकाला ‘फेज कुठली?’ आणि दुसऱ्याला ‘मेगर कसा वापरतात?’ विचारलं तर तुलना कशाची करणार? सगळ्यांना तोच प्रश्न हवा: ‘स्विच न्यूट्रलवर लावला तरी दिवा बंद होतो, मग फेजवरच का लावायचा?’ अपेक्षित मुद्दे आधी लिहून ठेवा: दिवा बंद असूनही होल्डरमध्ये फेज राहतो, बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. प्रत्येक मुद्द्याला एक मार्क. मुलगा अडला तर प्रश्न एकदाच सोप्या शब्दांत पुन्हा विचारायचा, हेही सगळ्यांना सारखंच.

‘होल्डरात करंट ऱ्हातोय, हात लावला की झटका’ असं कुणी म्हणालं तर दोन्ही मुद्दे आले, दोन्ही मार्क द्यायचे. इथे वायरिंगची समज तपासतोय, प्रमाण मराठी नाही. भाषेच्या तोंडी परीक्षेत उच्चार आणि वाक्यरचना मोजायची असेल तर त्यांच्या ओळी वेगळ्या असाव्यात.

शेवटची पायरी साधी आहे. प्रात्यक्षिकाचे मार्क लिहून, सही करून बाजूला ठेवायचे आणि मगच तोंडी घ्यायची, जमल्यास दुसऱ्या परीक्षकाकडून. नाहीतर चुरूचुरू बोलणाऱ्या मुलाचा बोर्डही नीटनेटका दिसायला लागतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये या परिणामाला ‘हॅलो’ म्हणजे प्रभावळ असं नाव दिलं. तुमच्या डेटात तो आहे का, हे बघायचं असेल तर तोंडी आधी आणि तोंडी नंतर अशा दोन गटांतले बोर्डाचे मार्क ताडून पाहा. फक्त कोणता मुलगा कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.