मोझॅकखालचे सहा आणि नऊ

कृष्णधवल चित्र म्हणजे संगणकाच्या लेखी ० ते २५५ मधल्या आकड्यांचा तक्ता असतो, हे मागच्या भागात पाहिलं. ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. आज त्याच तक्त्यावर एक नेहमीचं काम करून पाहू. भाडेकरारासाठी एजंटला ई-आधारच्या पीडीएफचा स्क्रीनशॉट पाठवायचा आहे. पहिले आठ अंक दिसू नयेत म्हणून आपण एडिटरमध्ये त्यांवर मोझॅक मारतो. अंकांच्या जागी करडे चौकोन उरतात, डोळे बारीक करून पाहिलं तरी काही वाचता येत नाही, आणि आपण निर्धास्तपणे तो पाठवून देतो.

मोझॅक, म्हणजे पिक्सलेट, करताना नेमकं काय होतं? चित्राचे सारख्या मापाचे चौकोन पाडले जातात. समजा, चौकोन ८ बाय ८ पिक्सेलचा आहे. त्यातल्या ६४ आकड्यांची सरासरी काढायची आणि चौसष्टही जागी तीच भरायची, एवढंच. चौकोनात १६ पिक्सेल काळे आणि ४८ पांढरे असतील तर सरासरी १९१ येते, आणि सगळा चौकोन १९१ छटेचा करडा होतो.

इथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. सरासरीवरून मूळ ६४ आकडे परत कसे मिळणार? मिळणार नाहीतच. वर्गाची सरासरी ६२ आहे एवढ्यावरून कुणा एकाचे गुण सांगता येत नाहीत, तसंच हे. पण त्या वर्गाच्या गुणपत्रिका दहाच प्रकारच्या असू शकतात आणि त्या दहाही आपल्यासमोर आहेत, असं असेल तर? मग प्रत्येकीची सरासरी काढायची आणि ६२ कुठे येते ते पाहायचं. मजकुराचं नेमकं हेच होतं. त्या चौकोनाखाली वाटेल ते असू शकत नाही. तिथे ० ते ९ पैकी एक अंक आहे, ठरलेल्या फाँटमधला, ठरलेल्या आकाराचा. फाँट कोणता, हे बाजूच्या न झाकलेल्या चार अंकांवरूनच कळतं.

म्हणून मोझॅक उलगडणारा माणूस तो उलटा फिरवायच्या फंदात पडत नाही. तो तीच क्रिया स्वतः सुलट करून पाहतो. अंदाजाने एक अंक त्याच फाँटमध्ये छापायचा, त्यावर तसाच मोझॅक मारायचा आणि आलेली छटा समोरच्या छटेशी ताडून पाहायची. समजा, एका अंकावर एकाखाली एक असे दोन चौकोन पडले आहेत. ६ या अंकाचं पोट खाली असतं. वरच्या चौकोनात १४ आणि खालच्यात २२ पिक्सेल काळे धरले, तर छटा अनुक्रमे १९९ आणि १६७ येतात. ९ चं पोट वर, म्हणून तिथे वर १६७ आणि खाली १९९. डोळ्यांना दोन्ही करडेच दिसतात. आकड्यांत फरक उघड आहे.

खरी मेख पुढे आहे. आठ अंकांच्या शक्यता १० कोटी होतात. एखादा पासवर्ड फोडताना सगळा बरोबर आला तरच कुलूप उघडतं, निम्मा बरोबर आला हे कळत नाही. मोझॅकमध्ये मात्र प्रत्येक अंकाची छटा त्याच्या जागेपुरती असते, त्यामुळे पहिला अंक एकट्याने तपासता येतो, मग दुसरा, मग तिसरा. एका जागेला जास्तीत जास्त दहा प्रयत्न, म्हणजे आठ जागांना ऐंशी. एखादा चौकोन दोन अंकांच्या सीमेवर पडला तर काम थोडं वाढतं, कारण त्या छटेत शेजाऱ्याची शाईही मिसळलेली असते. चौकोनांची जाळी नेमकी कुठून सुरू झाली हे ठाऊक नसेल तर ८ बाय ८ च्या जाळीसाठी ६४ सुरुवाती तपासाव्या लागतात. संगणकाला यातलं काहीच जड नाही.

हे कागदावरचं गणित नाही. २०१६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोझॅक आणि ब्लर केलेला छापील मजकूर संख्याशास्त्रीय पद्धतीने वाचून दाखवला. २०२० च्या अखेरीस ‘डेपिक्स’ हे खुलं साधन आलं. २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीतल्या डॅन पेट्रोने ‘अनरेडॅक्टर’ लिहून, दुसऱ्या एका कंपनीने आव्हान म्हणून मांडलेलं मोझॅकखालचं वाक्य अक्षरामागून अक्षर अंदाज लावत काढलं.

ब्लरचं तंत्र थोडं वेगळं असलं तरी दुखणं तेच आहे. तिथे प्रत्येक पिक्सेलमध्ये शेजाऱ्यांचा वाटा मिसळतात, जवळच्याचा जास्त आणि लांबच्याचा कमी. पुन्हा सरासरीच, आणि तीच अक्षरं दिली तर दर वेळी तोच डाग. अंदाज, ब्लर, तुलना, हा क्रम इथेही चालतो.

याला मर्यादा आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. कॅमेऱ्याने तिरका काढलेला फोटो, व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेलं चित्र, हस्ताक्षर, यांत हुबेहूब छपाई साधत नाही. चौकोन मोठे केले तर माहितीही खरोखर कमी होते. सबंध अंक एकाच चौकोनात मावला, तर बऱ्याच फाँटमध्ये ६ आणि ९ यांची शाई सारखीच भरते, कारण एक म्हणजे दुसऱ्याचंच उलटं रूप. छटाही एकच, निवड अशक्य. मात्र आधारसारख्या क्रमांकात इथेही दगा होतो. त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून व्हर्होफ नावाच्या पद्धतीने काढलेला ताळा असतो, आणि एक अंक चुकला की हा ताळा हमखास बिघडतो. ६ की ९ असा घोळ एकाच जागी उरला असेल, तर न झाकलेला शेवटचा अंकच त्याचा निकाल लावतो.

भरीव काळ्या पट्टीपुढे ही सगळी युक्ती थांबते. खाली ६ असो वा ९, चौकोनातला प्रत्येक पिक्सेल ० होतो. दहाही अंदाज तंतोतंत जुळतात, म्हणून एकही उपयोगाचा नाही. पट्टी फक्त आपली लांबी सांगते. आधारचे अंक किती हे जगजाहीर असल्याने तिथे बिघडत नाही, पण एखाद्या शब्दाच्या बाबतीत बिघडू शकतं. बिन लादेनविषयी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना ऑगस्ट २००१ मध्ये दिलेलं गुप्त टिपण २००४ मध्ये काळ्या पट्ट्यांसह खुलं झालं. डेव्हिड नाकाश आणि क्लेअर व्हेलन या संशोधकांनी एका पट्टीची रुंदी मोजली, एरियल फाँटमध्ये तेवढ्या रुंदीचे शब्द शब्दकोशातून काढले, आणि आधीचं ‘ॲन’ पाहून फक्त स्वराने सुरू होणारे ठेवले. उरलेल्यांत अर्थाला बसणारा शब्द होता ‘इजिप्शियन’. म्हणून नाव झाकताना पट्टी दोन्ही बाजूंना ऐसपैस ओढावी.

दुसरी अट अशी की पट्टी खरोखर चित्रात मुरलेली हवी. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी राजकीय सल्लागार पॉल मॅनफोर्टच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये पट्ट्या नुसत्या वर ठेवलेल्या होत्या. पत्रकारांनी खालचा मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला, दुसरीकडे पेस्ट केला आणि वाचला. आपल्या फाइलवर हीच कृती करून पाहावी. फोनवरचं हायलायटर पेनही दगाबाज आहे. ते अर्धपारदर्शक असतं, चार वेळा फिरवून काळं दिसलं तरी ब्राइटनेस आणि एक्स्पोजर पूर्ण वाढवल्यावर खालची अक्षरं डोकावतात. त्याऐवजी भरीव रंगाचा आयत निवडावा आणि झाकून झाल्यावर त्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा. आणि दिसायला मोझॅकच हवा असेल, तर आधी अंकांवर भरीव पट्टी मारावी, तिच्यावर भलतेच अंक टाइप करावेत, आणि मग त्यांच्यावर हवा तेवढा मोझॅक मारावा.